साडेचार जोड्या

“मधला एकटा उरला म्हणून त्याला बाहेर काढू नका, त्याचाही वाटा बेरजेत असतो.”

पंचशीला भालेराव मॅडमनी हे वाक्य औशाच्या शाळेत, दहावी ब च्या वर्गात, फळ्याकडे तोंड करून म्हटलं होतं. तेव्हा लुंबिनी खिडकीजवळच्या बाकावर बसायची. वाक्य तिच्या कानावर पडलं आणि पुढे निघून गेलं. मॅडमची बरीचशी वाक्यं अशीच निघून जायची, आणि मग कधीतरी, भलत्याच वेळी, भलत्याच गावात, परत येऊन समोर उभी राहायची.

मॅडम मूळच्या भोकर तालुक्यातल्या. वडील रस्त्याच्या कामावर, खडी फोडण्याच्या टोळीत. आई दुसऱ्यांच्या वावरात. पोरीचं नाव ठेवताना बापाने विहारातल्या भन्तेजींना विचारलं नव्हतं, शेजाऱ्यांनाही नाही. रोज संध्याकाळी जे म्हणतो त्याचंच नाव पोरीला दिलं, म्हणजे हाक मारताना आपोआप म्हटलं जाईल. नांदेडला वसतिगृहात राहून त्यांनी गणित घेतलं. वर्गात त्या एकट्या मुलगी होत्या. प्राध्यापक हजेरी घेताना शेवटी त्यांचं नाव घ्यायचे आणि न बघता पुढे म्हणायचे, “आहेत का बाई?” बाई होत्या. पहिल्या आल्या तेव्हाही होत्या.

औशाला नोकरी लागली तेव्हा शाळेच्या स्टाफरूममध्ये चहाचा ट्रे यायचा. सगळे कप पांढरे, एक निळ्या काठाचा. तो निळा कप कुणापुढे ठेवला जातो हे त्यांना दुसऱ्याच दिवशी कळलं. त्या काही बोलल्या नाहीत. पहिला पगार झाला त्या आठवड्यात त्या बाजारातून कपांचा अख्खा संच घेऊन आल्या, सगळे निळ्या काठाचे. सकाळी लवकर येऊन त्यांनी ट्रेमधले पांढरे कप कपाटात ठेवले आणि हे मांडले. शिपायाने चहा ओतला. सगळ्यांनी प्यायला. त्या दिवशी कुणी साखर कमी आहे असंसुद्धा म्हटलं नाही. ही गोष्ट शाळेत अजून सांगतात, आणि सांगताना लोकांचा आवाज थोडा खाली येतो, अभिमानाने की लाजेने, हे सांगणाऱ्यावर असतं.

न बोलता करायचं, ही त्यांची रीत. वर्गातही तीच.

नवीन पोरांना पहिल्या महिन्यात त्यांची एक सवय कळायची नाही. कुणीतरी फळ्यापाशी उभं असायचं, गणित सोडवत, अडखळत. मॅडम कडेला उभ्या. पोरगं चुकायचं, पुसायचं, पुन्हा लिहायचं. आणि मग, गणित अगदी काठावर आलेलं असताना, फक्त एक पायरी उरलेली असताना, मॅडम खडू टेबलावर ठेवायच्या आणि वर्गाबाहेर निघून जायच्या. व्हरांड्यात पाठमोऱ्या उभ्या राहायच्या. पोरांना पहिल्यांदा वाटायचं, आपण काहीतरी मोठा घोळ घातला, बाई चिडल्या. पोरगं भेदरायचं. मागचे म्हणायचे, “गेल्या रे, आता मुख्याध्यापकाला आणतेत.” कुणी येत नसे. वर्ग शांत होई. त्या शांततेत फळ्यापाशी उभ्या असलेल्याला स्वतःचाच हात दिसे, हातात खडू दिसे, आणि शेवटची पायरी. मॅडम परत यायच्या तेव्हा उत्तर लिहिलेलं असायचं. त्या त्याकडे बघायच्या, शाबास म्हणायच्या नाहीत, पुढचं गणित सांगायच्या.

दिवाळीपर्यंत सगळ्यांना कळून चुकलेलं असायचं. मग मॅडम दाराकडे निघाल्या की मागच्या बाकावरून दबका आवाज यायचा, “आलं! उत्तर आलं!” शाबासकीच ती. पण मॅडमना तसं म्हटलेलं आवडायचं नाही.

लुंबिनी हुशार होती. किल्लारीची. बाप साखर कारखान्यात, आई आपल्या तुकड्यात राबणारी. पोरगी शिकायला औशात मावशीकडे ठेवलेली. गणितात तिच्या पुढे कुणी नव्हतं. मॅडम प्रश्न पुरता विचारायच्या आतच तिचा हात वर असायचा, आणि कधीकधी हात वर व्हायच्या आत उत्तर बाहेर. दुसरं कुणी फळ्यापाशी अडखळत असलं तरी तिच्याने राहवत नसे, ती जागेवरूनच सांगून टाकायची. दोन वर्षं ती मॅडमच्या वर्गात होती. दोन वर्षांत मॅडम तिच्यासाठी एकदाही बाहेर गेल्या नाहीत.

वैजनाथसारख्या पोरासाठी गेल्या. हा वैजनाथ तिच्याच वर्गातला, वजाबाकीत उसना घ्यायला विसरणारा. लुंबिनीसाठी नाही.

दहावीच्या निरोप समारंभाला तिने धीर करून विचारलंच, “मॅडम, माझ्यासाठी तुम्ही कधीच बाहेर गेला नाहीत.”

मॅडमनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला.

“तू जाऊ कुठं देतीस?” म्हणाल्या.

लुंबिनीला वाटलं, थट्टा केली. ती हसली. पण घरी जाताना बसमध्ये ते वाक्य तिच्या शेजारी येऊन बसलं आणि किल्लारीपर्यंत उठलं नाही.

पुढे लातूरला बी. एस्सी., नांदेडला बी. एड. मग परत लातूरला, एका शिकवणी वर्गात. तिथे पोरं एवढी की मागच्यांना फळा टीव्हीवर दाखवावा लागे. वर्गाचे मालक रविकिरण सर, सदा घाईत, मोबाइल खांद्याने कानाला दाबलेला. पहिल्याच दिवशी त्यांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं, “मॅडम, हे बघा, का होतं ते सांगत बसू नका. पोरगं विचारत न्हाई, बाप तर मुळीच विचारत न्हाई. सूत्र टाका, किंमत घाला, उत्तर काढा, पुढं.” लुंबिनी त्यात तरबेज झाली. पोरगं तोंड उघडायच्या आत तिला त्याचा प्रश्न कळायचा आणि प्रश्न पुरा व्हायच्या आत तिचं उत्तर देऊन व्हायचं. लहानपणीचीच सवय, आता तिला त्यासाठी वाखाणत होते. तरी संध्याकाळी खोलीवर परतताना तिला वाटायचं, आज आपण दिवसभर नुसते दरवाजे ढकलत गेलो, एकाही घरात बसलो नाही.

औशाच्या शाळेत गणिताची कायम जागा निघाली तेव्हा तिने अर्ज केला. बोलावणं आलं. मुलाखत आणि प्रत्यक्ष वर्गावर पाठ. तिच्यासारखे आणखी काहीजण होते, काहींचा अनुभव तिच्याहून जास्त. ही जागा गेली तर पुन्हा लातूर, पुन्हा टीव्हीवरचा फळा, आणि पुढची जागा कधी निघेल ते कुणी सांगू शकत नव्हतं. आईला तिने नुसतं “काम हाय औशाला” असं सांगितलं. आईने विचारलं, “त्या भालेराव बाई हायत का अजून?” लुंबिनी म्हणाली, “हायत.” आई म्हणाली, “मग नीट जा.”

शाळेत पाऊल ठेवलं तर पहिल्या त्याच दिसल्या. केस पांढरे झाले होते. खांद्यावर तीच कापडी पिशवी, तिच्यात स्वतःचे खडू. शाळेचे खडू चुरा होतात ही त्यांची जुनी तक्रार.

“जयभीम मॅडम.”

“जयभीम.” त्यांनी तिच्याकडे असं बघितलं, जशी काल शाळा सुटली आणि आज भरली. “लवकर आलीस. बरं झालं.” एवढंच.

निवड समितीत तिघे होते. संस्थेचे अध्यक्ष महादेवप्पा, पांढरंशुभ्र धोतर, गळ्यात लिंग, बोलणं मोठ्याने. मुख्याध्यापक शेषेराव सर, जे दर वाक्याच्या शेवटी घड्याळ बघत. आणि विषयतज्ज्ञ म्हणून पंचशीला मॅडम. लुंबिनी आत गेली तशा मॅडम उभ्या राहिल्या.

“अप्पा, ही माझी विद्यार्थिनी आहे. हिला मी गुण लिहिणार नाही. तुम्ही दोघांनी लिहायचे. प्रश्न मात्र विचारीन, बाकीच्यांना विचारले तसेच.”

“बसा हो बाई,” महादेवप्पा म्हणाले, “एवढं काय त्यात? औशात जो बी शिकला तो तुमचाच विद्यार्थी हाय. माझा नातू सुद्धा. त्याला बी गणित येत न्हाई ती गोष्ट अलग.”

शेषेराव सर हसले आणि घड्याळ बघितलं. मॅडम हसल्या नाहीत. त्यांच्या पुढ्यातला गुणांचा कागद त्यांनी शेषेराव सरांकडे सरकवला.

लुंबिनीने ते बघितलं. गुण लिहिणाऱ्या मॅडमपेक्षा गुण न लिहिणाऱ्या मॅडम जास्त अवघड. गुणांसाठी काहीतरी करता येतं. मॅडम नुसत्या बघणार होत्या.

विषय चिठ्ठीवर निघाला: अंकगणिती श्रेढी, पहिलं पद, शेवटचं पद आणि पदांची संख्या दिली असता बेरीज. लुंबिनीचा जीव भांड्यात पडला. हे तर तिने लातूरला झोपेतसुद्धा शिकवलं असतं. वर्ग दहावीचा होता. पोरांना श्रेढी म्हणजे काय ते येत होतं, प्रत्येक पदात तेवढीच भर पडत जाते एवढं माहीत होतं. बेरीज अजून झालेली नव्हती. समिती मागच्या भिंतीला खुर्च्या टाकून बसली. महादेवप्पांची खुर्ची करकरली.

तिने सुरुवात चांगली केली. फळ्यावर एक वावर काढलं. डावा बांध सरळ, उजवा तिरपा.

“हा आमचा किल्लारीचा तुकडा. आईनं टमाटे लावलेत. हा उजवीकडचा धुरा तिरपा हाय, म्हणून वरची सरी आखूड अन् खाली जाल तशी सरी लांब. पहिली सरी वीस फूट. पुढची पंचवीस. त्याच्या पुढची?”

“तीस!” पोरं.

“अशा दहा सऱ्या. शेवटची?”

“पासष्ट!”

“आता प्रत्येक सरीला ठिबकची नळी टाकायची. एकूण नळी किती लागंल?”

पोरांना मजा वाटली. फळ्यावर वावर आलं की या पोरांच्या पाठी सरळ होतात. पुढच्या बाकावरची पुनम नावाची मुलगी, दोन वेण्या, एक नेहमी सुटत आलेली, बोटांवर काहीतरी मोजायला लागली. लुंबिनीने तिला मोजू दिलं नाही. सवयीने ती पुढे निघाली होती.

“मोजत बसायचं न्हाई. पहिली अन् शेवटची जोडा. वीस अन् पासष्ट, पंच्याऐंशी. दुसरी अन् शेवटून दुसरी. पंचवीस अन् साठ, पंच्याऐंशी. तीस अन् पंचावन्न, तेच. वरून पाच वाढतात, खालून पाच कमी होतात, बेरीज हलत न्हाई. दहा सऱ्या, जोड्या किती?”

“पाच!”

“पाच गुणिले पंच्याऐंशी, चारशे पंचवीस फूट. म्हणजे सूत्र काय? पदांची संख्या भागिले दोन, गुणिले, कंसात पहिलं पद अधिक शेवटचं पद.”

तिने ते अक्षरांत लिहिलं, भोवती चौकट काढली आणि खडू ठेवला. स्वच्छ, वेळेच्या आत. शेषेराव सरांनी मान डोलावली. महादेवप्पा म्हणाले, “बरोबर हाय, आमच्या मळ्यात बी असंच तिरपं हाय एका अंगाला.” ते आता कागदावर काही लिहिणार, तोच मॅडमचा आवाज आला. मोठा नाही. कधीच मोठा नसे.

“शेवटची सरी पुसा.”

लुंबिनीने वळून बघितलं.

“खालच्या बांधाला लागून पाणी साचतं, ती सरी यंदा टाकली नाही असं समजा. पुसा.”

तिने पासष्टची सरी पुसली. नऊ उरल्या. शेवटची साठ फुटांची.

“आता बेरीज.”

“सूत्र तेच, मॅडम,” लुंबिनी म्हणाली. “नऊ भागिले दोन, साडेचार. गुणिले ऐंशी. तीनशे साठ.”

उत्तर बरोबर होतं. पण पुनमच्या कपाळाला आठी पडली. “मॅडम,” ती म्हणाली, “साडेचार जोड्या कशा? अर्धी जोडी असती व्हय?”

मागून एक पोरगा म्हणाला, “असती की. आमचा मामा. बायको माहेरी गेलीय.” वर्ग हसला. महादेवप्पा सर्वांत जास्त हसले.

लुंबिनीही हसली. लातूरला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. विचारायला वेळच दिला नव्हता. “सूत्र विषम संख्येलाही चालतं,” ती म्हणाली.

“का चालतं?” पुनम.

“चालतं.” शब्द तोंडातून सुटला आणि तिला स्वतःचाच आवाज रविकिरण सरांसारखा वाटला.

शेषेराव सरांनी घड्याळ बघितलं. महादेवप्पांनी पेन खाली ठेवलं. मागच्या भिंतीपाशी मॅडम तशाच बसल्या होत्या, हात मांडीवर, नजर फळ्यावर. मदतीची नव्हे, फजितीचीही नव्हे. वाट बघण्याची नजर. ही नजर लुंबिनीला ओळखीची होती. फक्त ती आजवर दुसऱ्यांकडे बघताना दिसलेली.

तिने जोड्या लावायला घेतल्या. वीस-साठ. पंचवीस-पंचावन्न. तीस-पन्नास. पस्तीस-पंचेचाळीस. चार जोड्या, ऐंशी-ऐंशीच्या. मध्ये चाळीसची सरी एकटी. आणि तेव्हा ते जुनं वाक्य आलं, दाराशी चपला काढून हळूच आत आल्यासारखं. मधला एकटा उरला म्हणून त्याला बाहेर काढू नका.

“ही बघ,” ती पुनमला म्हणाली, “ही चाळीसची उरली. एकटी हाय, पण केवढी हाय? ऐंशीच्या निम्मी. ती बरोबर मधली हाय, म्हणून तिच्या वर जेवढी घट तेवढीच खाली वाढ. म्हणून ती अर्ध्या जोडीएवढीच भरती. चार जोड्या अन् ही अर्धी. साडेचार.”

“हाव!” पुनमची आठी गेली. महादेवप्पांनी पेन उचललं. इथे थांबलं तरी चाललं असतं. पाठ झाला असता, जागा बहुतेक मिळाली असती. लुंबिनीला हे कळत होतं.

“म्हणजे सम असेल तर एक कारण, विषम असेल तर दुसरं,” मॅडम म्हणाल्या. “सूत्र एक आणि कारणं दोन?”

“बाई, पोरीला जाऊ द्या की आता,” महादेवप्पा म्हणाले. “बराबर आलं न्हवं उत्तर.”

मॅडमनी त्यांच्याकडे बघितलं नाही.

लुंबिनी फळ्याकडे वळली. पुसलेल्या सरीचा पांढुरका डाग अजून दिसत होता. तिरपा धुरा. त्याच्या अलीकडे आईचं वावर, पलीकडे काळा मोकळा फळा. पलीकडे काहीच काढलं नव्हतं तिने. पलीकडे काय असतं? किल्लारीला त्या धुऱ्यापलीकडे चुलत्याचा तुकडा. वडील आणि चुलते वेगळे झाले तेव्हा एका सरळ पट्टीचे दोन केले, आणि मध्ये जुना ओघळ होता तिरपा, तोच धुरा धरला. म्हणून आईची वरची सरी आखूड, तर चुलत्याची वरची...

तिला दिसलं. एका क्षणात, पुरतं. वीज चमकावी आणि अख्खं शिवार उजळावं तसं. जोड्या लावायच्याच नाहीत. कुणी एकटं उरायचंच नाही.

उत्तर तिच्या ओठांवर आलं. दहावीतल्या लुंबिनीने ते तिथल्या तिथे सांगून टाकलं असतं. लातूरच्या लुंबिनीने सांगून, लिहून, चौकट काढून, पुढचं गणित घेतलं असतं. मागे समिती बसली होती, घड्याळ चालू होतं, आणि उत्तर येतं हे दाखवायलाच तर ती आली होती. न सांगणं म्हणजे येत नाही असं दिसणं.

तू जाऊ कुठं देतीस?

तिने ओठ मिटले. मग फक्त विचारलं, “पुनम, ह्या धुऱ्याच्या पल्याड काय असंल?”

“पल्याड?” पुनम म्हणाली. “दुसऱ्याचं वावर असंल. कुणाचं हाय?”

“माझ्या चुलत्याचं. आधी दोन्ही मिळून एकच पट्टी होती, चारी बाजूंनी सरळ. ऐंशी फूट रुंद धर.” ती थांबली. खडू पुनमपुढे धरला. “ये. काढ.”

पुनम उठली. वेणी मागे टाकली. फळ्यापाशी येऊन तिने धुऱ्याच्या पलीकडे एक उभी सरळ रेघ मारली. वावर पुरं चौकोनी झालं, मध्ये तिरपी रेघ. ती बघत राहिली. वर्गही बघत होता. शेषेराव सर खाकरले, “मॅडम, वेळ...” लुंबिनीने ऐकलं, पण पुनमवरची नजर हलवली नाही. तिने हात पाठीमागे बांधले. नाहीतर ते आपणहून फळ्याकडे गेले असते.

“वरची सरी आपली वीस,” पुनम पुटपुटली. “मग चुलत्याची साठ.” तिने लिहिलं. “दुसरी आपली पंचवीस, त्येंची पंचावन्न.” ती भराभर खाली उतरत गेली. “आपली वाढती तेवढी त्येंची घटती. शेवटची आपली साठ, त्येंची वीस.” ती मागे सरली. “मॅडम, हे तर आपलंच वावर हाय. उलटं करून ठेवलेलं.”

“मग?” लुंबिनी म्हणाली. एवढाच शब्द.

पुनमने वर बघितलं, खाली बघितलं. आणि एकदम तिचा आवाज वर्गात घुमला, “मग धुरा पुसा की!”

मागून कुणीतरी म्हणालं, “पूस ना मग, भांडण तुझ्या बापाचं हाय का!” पुनमने तळहाताने तिरपी रेघ पुसून टाकली. वावर एकसलग झालं. नऊ सऱ्या, सगळ्या सारख्या, या बांधापासून त्या बांधापर्यंत.

“परत्येक सरी ऐंशी,” ती म्हणाली. “पहिली अधिक शेवटची. नऊ सऱ्या. नऊ आठे बहात्तर, सातशे वीस. अन् आपलं तेच्यात निम्मं. तीनशे साठ!” ती थांबली, मग हळू म्हणाली, “इथं कुणीच एकटं उरत न्हाई.”

महादेवप्पा खुर्चीत पुढे झुकले होते. “दहा सऱ्या असत्या तरी?” त्यांनी विचारलं. आता ते अध्यक्ष नव्हते, तिरप्या धुऱ्याचे मालक होते.

“दहा असू द्या की अकरा, अप्पा,” पुनम म्हणाली, “पट्टी पहिली अधिक शेवटची एवढी रुंद धरली अन् धुरा पुसला, की काय फरक पडतोय?”

लुंबिनी पुढे आली. तिने डस्टर घेतलं आणि फळ्यावरचे आकडे पुसले. वीस गेले, साठ गेले, ऐंशी गेले. मघाशी स्वतः चौकटीत लिहिलेलं सूत्रही तिने पुसून टाकलं, चौकटीसकट. फक्त मोकळं वावर ठेवलं.

“आता आकडे न्हाईत,” ती म्हणाली. “कुणाचं बी वावर. पहिली सरी, शेवटची सरी, सऱ्या किती, एवढंच माहीत हाय. लिही.”

आणि ती फळ्यापासून दूर सरकली. खिडकीपाशी, जिथे पूर्वी तिचा बाक होता.

वर्ग शांत झाला. ती शांतता तिला माहीत होती. ती आजवर तिच्या बडबडीने कधी नीट ऐकू आली नव्हती, एवढंच. पुनमने खडू फळ्याला लावला. पहिलं पद अधिक शेवटचं पद, असं कंसात लिहिलं. कंसाच्या आधी सऱ्यांची संख्या लिहिली. मग त्या सगळ्याखाली एक आडवी रेघ ओढली, भागाकाराची, लांब, थोडी वाकडी. रेघेखालची जागा अजून रिकामी होती. तिथे एकच आकडा यायचा होता, आणि पुनमचा हात तिथवर पोचून क्षणभर थबकला.

मागच्या भिंतीपाशी खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

मॅडम उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी पिशवी खांद्याला अडकवली. महादेवप्पा दचकून म्हणाले, “काय झालं बाई? रागावलाव का?” शेषेराव सर अर्धे उठले. मागच्या बाकावरून दबका, आनंदाने फुटलेला आवाज आला, “आलं! आलं!” पुनमने मात्र वळून बघितलं नाही, ती रेघेखाली बघत होती.

मॅडम बाकांच्या मधून चालत आल्या. खिडकीपाशी लुंबिनी उभी होती, हात अजून पाठीमागे बांधलेले. मॅडमची नजर पुनमवर नव्हती. ती लुंबिनीवर होती, दारापर्यंत. मग त्यांनी पदर सावरला आणि एक शब्दही न बोलता त्या वर्गाबाहेर निघून गेल्या.